सिल्क ऑर्गेन्झा साडीवरील धुण्याच्या चुकीच्या सूचनेबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: साडीचे पैसे परत मिळणे व पट्टीवरील सूचना दुरुस्त करणे

महोदय,

दिवाळीत तुमच्याकडून लेसची किनार लावलेली शुद्ध सिल्क ऑर्गेन्झा साडी घेतली. पहिल्याच धुण्यात तिचा ताठपणा गेला, निऱ्या उभ्या राहत नाहीत. ‘ग्राहकाकडून चुकीची हाताळणी’ असा शेरा मारून तुम्ही तक्रार बंद केलीत. आतल्या पट्टीवर मात्र ‘कोमट पाणी, डिटर्जंट पावडर, हँगरवर वाळवावे’ असे छापलेले आहे आणि मी अगदी तसेच केले. पट्टीचा फोटो जोडला आहे.

साडी खरी सिल्कची आहे का, याची मला शंका आली म्हणून पदराच्या कडेचा एक धागा जाळून पाहिला. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांनी चुरगळली. पॉलिस्टर असते तर धागा वितळून त्याची कडक गोळी झाली असती. म्हणजे कापडात फसवणूक नाही, पट्टी चुकीची आहे. ती बहुधा तुमच्या पॉलिस्टर ऑर्गेन्झाची आहे. ते कापड अशा धुण्याला सहज टिकते.

सिल्क ऑर्गेन्झाला कडकपणा येतो तो कोशातल्या नैसर्गिक डिंकामुळे, म्हणजे सेरिसिनमुळे. मऊ रेशीम हवे असते तेव्हा हाच डिंक साबणाच्या गरम पाण्यात उकळून काढतात. ऑर्गेन्झात तो मुद्दाम ठेवलेला असतो. कोमट पाणी आणि क्षारयुक्त पावडर मिळून तो सैल करतात. अशा साडीवर ‘फक्त ड्रायक्लीन’ एवढेच लिहायला हवे होते.

तुमच्या प्रतिनिधीने रोल पॉलिश करून घ्यायला सुचवले. त्याने वरून कडकपणा येईल, पण गेलेला डिंक परत येत नाही आणि पुढच्या धुण्यात पुन्हा तेच होईल. शिवाय हँगरमुळे दुसरे नुकसान झाले आहे. भिजलेल्या लेसच्या वजनाने किनारीच्या शिवणीजवळचे धागे सरकून फटी पडल्या आहेत. त्या कुठल्याच पॉलिशने बुजत नाहीत. इतक्या विरळ विणीचे कापड आडवे पसरूनच वाळवावे लागते, हे साड्या विकणाऱ्यांना मी सांगावे लागते, हेही नवलच!

त्याच पट्टीवर साडी प्लास्टिकच्या कव्हरमध्ये ठेवायलाही सांगितले आहे. प्लास्टिकमध्ये दमट हवा कोंडते आणि कापडाला बुरशी धरते. जुन्या सुती धोतरात किंवा मलमलीत सैल गुंडाळून, अधूनमधून घडीची जागा बदलत ठेवायला सांगायला हवे होते, कारण एकाच रेघेवर दुमडून राहिलेला कडक धागा तिथेच तुटतो.

साडीची पूर्ण किंमत परत करावी, साडी तुमच्या खर्चाने घेऊन जावी आणि या मालाच्या उरलेल्या साड्यांवरील पट्ट्या बदलाव्यात. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (1915) तक्रार नोंदवीन.

आपली,
एक ग्राहक, पुणे

सोबत: पावती, पट्टीचा व किनारीचा फोटो