काकांना पाठवायचा थँक्यू मेसेज

चिऊ,

तुझा मेसेज काल रात्री वाचला, पण डोळे मिटत होते म्हणून आज सकाळी निवांत बसून लिहितेय. टेक्निशियन काकांसाठी तू तीन ओळी लिहिल्यास, "माझ्या संशोधन प्रकल्पात आपण केलेल्या मोलाच्या सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार" वगैरे, आणि मला म्हणालीस आई जरा बघून दे. चुकीचं त्यात काहीच नाही गं, पण हेच वाक्य लायब्ररीतल्या मॅडमना पण चालेल, उंदीर सांभाळणाऱ्या दादांना पण चालेल, आणि काकांनी जे केलं ते तुझ्या त्या अख्ख्या डिपार्टमेंटमध्ये दुसऱ्या कोणी केलेलं नाही. मी २६ वर्षं पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये सेक्शन कापलेत, म्हणून मला हे जरा जास्त लागतं.

आधी मला सांग, काकांनी नक्की काय केलं हे तुला नीट माहितीये का? तू फोनवर तुकड्या-तुकड्यात सांगत होतीस, मी ते जोडून बघितलं आणि मला जे दिसलं ते लिहिते.

तुझी हाडं. उंदरांच्या मांडीखालचं हाड, टिबिया, २४ उंदरांची २४. हाडात कॅल्शियम असतं, ते काढल्याशिवाय मायक्रोटोमच्या ब्लेडनं पाच मायक्रॉनचा सेक्शन, म्हणजे पातळ काप, निघतच नाही, करकर आवाज येतो, सेक्शनवर उभ्या रेघा पडतात आणि ब्लेडची धार जाते ती वेगळीच. मग कॅल्शियम काढायचं कसं, तर दोन रस्ते. एक ॲसिडचा, नायट्रिक किंवा फॉर्मिक, काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत काम संपतं. दुसरा ईडीटीएचा, तो कॅल्शियम हळूहळू पकडून बाहेर काढतो, आणि उंदराच्या एवढ्या हाडाला त्याला आठवडेच्या आठवडे लागतात. तुझ्या गाईडना कॉन्फरन्सच्या आधी रिझल्ट हवे होते, लॅबमधल्या सगळ्यांचं म्हणणं होतं ॲसिडमध्ये टाका आणि मोकळे व्हा. काका नाही म्हणाले.

का नाही म्हणाले ते महत्त्वाचं आहे. तुला साधा एच अँड ई रंग द्यायचा असता तर फॉर्मिक ॲसिड जपून वापरलं तरी भागलं असतं. पण तुला मोजायचे होते ऑस्टिओक्लास्ट, हाड खाणाऱ्या पेशी, आणि त्या ओळखायच्या ट्रॅपच्या रंगानं. ट्रॅप हा नुसता रंग नाहीये, ते त्या पेशीतलं एंझाइम आहे, ते अजून काम करत असेल तरच स्लाइडवर लाल रंग तयार होतो. ॲसिडनं ते एंझाइमच मरतं. पेशी तिथेच बसलेली असते, पण लाल होत नाही.

आणि आता यातली भीती बघ. तुझं औषध कशासाठी होतं? ऑस्टिओक्लास्ट कमी करण्यासाठी. म्हणजे स्लाइडवर लाल पेशी कमी दिसल्या की तू खूश होणार, औषध लागू पडलं म्हणणार. समज चारही गटांची हाडं ॲसिडमध्ये गेली असती तर सगळीकडेच लाल गायब, ते निदान कोणाच्या तरी लक्षात आलं असतं, कारण ओव्हरी काढलेल्या आणि औषध न दिलेल्या उंदरांत तर त्या पेशी भरपूर दिसायलाच हव्यात. पण अर्धी हाडं ईडीटीएत आणि उशिरा आलेला औषधाचा गट घाईघाईत ॲसिडमध्ये असं झालं असतं तर? अगदी सुंदर रिझल्ट आला असता. ग्राफ झकास आला असता, आणि पूर्ण खोटा. चूक यशासारखी दिसली की तिला कोणी शोधत नाही गं. म्हणून काकांनी चारही गटांची हाडं एकाच दिवशी, एकाच ईडीटीएत टाकली आणि ट्रॅपच्या वेळी प्रत्येक खेपेला चारही गटांच्या स्लाइड एकत्र घेतल्या. तू मला हे सांगितलंस तेव्हा सहज सांगितलंस, "काकांना तशी सवयच आहे". ती सवय नाहीये चिऊ, तो विचार आहे.

त्यांनी वाद पण घातला नाही. एका उंदराच्या दुसऱ्या पायाचं हाड शिल्लक होतं, ते फॉर्मिकमध्ये टाकलं, जोडीचं ईडीटीएत ठेवलं, आणि दोन्ही तयार झाल्यावर एकाच वेळी रंगवून स्लाइड शेजारी-शेजारी ठेवल्या. एकात ग्रोथ प्लेटच्या खाली हाडाच्या कडेला वाइनसारख्या लाल, मोठ्या, पुष्कळ केंद्रकांच्या पेशी, दुसऱ्यात तीच जागा कोरी. त्या दोन स्लाइड बघितल्यावर तुझे गाईड गप्प झाले असं तूच सांगितलंस. मेसेजमध्ये हे यायलाच पाहिजे.

मग ते पाच आठवडे. ईडीटीएची पावडर पाण्यात टाकली की तळाशी पांढरी बसून राहते, सोडियम हायड्रॉक्साइड घालून पीएच आठच्या आसपास नेईपर्यंत विरघळत नाही, मग परत खाली ७.४ वर आणायचा. एकदा करायला काही नाही, पण दर दोन-तीन दिवसांनी नवीन बदलायचं, सुट्टी असो नसो. जुनंच ठेवलं तर त्याची कॅल्शियम पकडायची ताकद संपते, बाहेरून सगळं तसंच दिसतं आणि आत काहीच होत नसतं. दिवाळीच्या सुट्टीत ते येऊन बदलून गेले ना? आणि हाड मऊ झालं का हे बघायला त्यांनी सुई टोचली नाही, ती टोचली की सेक्शनमध्ये भोक दिसतं आणि नंतर ते आजारानं झालं की सुईनं हे कोणाला सांगता येत नाही. त्यांनी वापरलेल्या ईडीटीएत आधी ॲसिड घालून पीएच साडेतीनच्या आसपास आणला, मग अमोनियम ऑक्झलेट टाकलं, गढूळ झालं की कॅल्शियम अजून निघतंय. ते ॲसिड घातलं नाही तर ईडीटीए कॅल्शियम सोडतच नाही, पाणी स्वच्छ राहतं आणि माणूस फसतो. खूप जण तिथेच फसतात.

अजून एक. कापताना मेणात बसवलेल्या हाडाचा एक ब्लॉक कडक लागला, १७ नंबरचा. अशा वेळी आम्ही सगळेच ब्लॉकचा तोंडाकडचा भाग थोडा वेळ ॲसिडच्या बोळ्यावर ठेवतो, वरचा थर मऊ होतो आणि तेवढ्यात दोन-चार सेक्शन निघतात. पण ते सेक्शन नेमके ॲसिड लागलेल्या थरातूनच येणार, म्हणजे ट्रॅपला निरुपयोगी. काकांनी तो ब्लॉक वितळवला, हाड उलट क्रमानं पाण्यापर्यंत आणलं, आणखी आठवडाभर ईडीटीएत ठेवलं आणि सगळं परत केलं. गरम मेणातून दोनदा गेल्यामुळे रंग जरा फिका येईल हेही त्यांनी तुला आधीच सांगितलं, बरोबर? म्हणूनच तू त्या हाडाची नोंद वेगळी ठेवलीस.

मी हे सगळं एवढं का धरून बसलेय ते सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका हॉस्पिटलमध्ये मी बोन मॅरोची एक बारीक काडीएवढी बायॉप्सी शनिवारी ॲसिडमध्ये टाकली आणि काढायची राहिली. सोमवारी स्लाइड रंगवली तर सगळं गुलाबी, निळं काहीच नाही, केंद्रकांनी हिमॅटॉक्सिलिन घेतलंच नव्हतं. त्या पेशंटला कमरेच्या हाडात परत सुई घालावी लागली. ते आजोबा मला बाहेर बाकावर बसलेले दिसले, त्यांना काहीच माहीत नव्हतं. चुकलं तेव्हा त्या एका दिवसात मला पाच जणांनी बोलावून विचारलं. त्यानंतरची चोवीस वर्षं नीट झालेल्या स्लाइडबद्दल कोणी बोलावलं नाही, एका मॅडमनी सोडून. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं की तुम्ही तो तुकडा आडवा न लावता उभा लावलात म्हणून मला कडा दिसली. एकच ओळ. ती चिठ्ठी माझ्या कपाटात आहे, तू लहानपणी बघितली असशील.

तर मी असं लिहिलं असतं, तू तुझ्या भाषेत बदल:

"काका, नमस्कार. काल शेवटच्या स्लाइडची मोजणी झाली. २४ च्या २४ हाडांमध्ये ऑस्टिओक्लास्ट मोजता आले, एकही ब्लॉक वाया गेला नाही. तुम्ही ॲसिडला नाही म्हणालात आणि शिल्लक हाडावर दोन्ही करून दाखवलंत, तेव्हा मला घाई होती आणि मनातून थोडा राग पण आला होता. आता आकडे समोर आहेत तेव्हा कळतंय की तसं केलं नसतं तर मी चुकीचा रिझल्ट खरा समजून मांडला असता. दिवाळीत येऊन तुम्ही ईडीटीए बदललंत, १७ नंबरचं हाड परत पहिल्यापासून केलंत, हे मला माहीत आहे. थिसिसच्या पद्धतीच्या भागात हे सगळे टप्पे मी तुमच्या वहीतून जसेच्या तसे लिहिलेत, एकदा वाचून चूक असेल तर सांगाल का? आणि आभारांच्या पानावर तुमचं पूर्ण नाव घालायचंय, तुमची परवानगी हवी आणि नाव कसं लिहू तेही सांगा. सोबत ८ नंबरच्या स्लाइडचा फोटो पाठवतेय, तुम्ही कापलेली."

रागाची ओळ खरी असेल तरच ठेव. मला फोनवर तसं वाटलं होतं, पण तुझं तुला माहीत. आणि या मेसेजमध्ये पुढचं काम घालू नकोस, "जाता जाता अजून सहा ब्लॉक होते" असं अजिबात नको, ते दुसऱ्या दिवशी वेगळं विचार.

दोन गोष्टी अजून कर. एक, हेच थोडक्यात त्यांच्या विभागप्रमुखांना मेल कर, काकांना सांगून. व्हॉट्सॲपवरचं काकांपाशी राहील, मेल त्यांच्या फायलीत लागेल आणि टेक्निशियनच्या फायलीत असं काही क्वचितच लागतं. दुसरं, पेपर लिहाल तेव्हा गाईडशी नावाबद्दल बोल. सांगितलेले सेक्शन कापून दिले तर आभारात नाव हे ठीक, पण पद्धत कोणती वापरायची हे त्यांनी ठरवलं, तुलना करून दाखवली, त्यामुळे लेखकांत नाव येऊ शकतं का हा प्रश्न विचारायला हवा. मग मसुदा त्यांनाही वाचायला द्यावा लागेल. गाईड नाही म्हणाले तर कारण विचार, पण विचार नक्की.

फोटो मोबाइलवर तर पाठवच, पण एक प्रिंट काढून हातात पण दे. आम्ही स्लाइड करून ट्रेमध्ये लावतो आणि ट्रे वरच्या मजल्यावर जातो, पुढे त्यात काय दिसलं ते आम्हाला बहुतेक वेळा कळतच नाही. मायक्रोस्कोपपाशी नेऊन दाखवलंस तर अजूनच छान, त्यांना म्हणावं तुम्ही बसा, फोकस तुम्हीच करा.

पाठवायच्या आधी त्यांच्या वहीतून दोन गोष्टी तपासून घे, ईडीटीएत हाडं नक्की किती दिवस होती आणि कडक लागलेला ब्लॉक १७ च ना. फोनवर आवाज तुटत होता, मी १७ ऐकलं. नंबर चुकला तर काकांच्या पहिल्यांदा तेच लक्षात येईल.

आई