रांगेतले सगळेच अडाणी नसतात

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

मंगळवारच्या अंकात धुक्यामुळे रद्द झालेल्या विमानांवरचा लेख वाचला. काल दिवसभर पत्र लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितो आहे. तुमच्या लेखकाचा सल्ला थोडक्यात असा, की शहाण्या माणसाने अ‍ॅप उघडावं, दोन बटणं दाबावीत आणि घरी जाऊन झोपावं. काउंटरवर रांग लावतात ते जुन्या काळातले लोक. मी त्या जुन्या काळातला आहे. गेल्या जानेवारीत नागपूर विमानतळावर अडीच तास रांगेत उभा होतो आणि त्यामुळेच लग्नाला पोचलो.

दिल्लीत पुतणीचं लग्न. आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको, तिची मोठी बहीण (व्हीलचेअर लागते) आणि सोळा वर्षांचा नातू. चौघांचा पीएनआर एकच. तिकिटं बंगळुरूच्या भाच्याने कुठल्याशा वेबसाइटवरून काढलेली. सोनेगावला पोचलो तर लख्ख ऊन आणि बोर्डावर आमचं विमान रद्द. आपल्याकडे ऊन असून उपयोग नसतो जी, कारण आपल्याला घेऊन जाणारं विमान आधी दिल्लीहून यायचं असतं आणि ते तिकडेच धुक्यात अडकलेलं होतं. रद्द झाल्याचा मेसेज पहाटेच गेला होता म्हणे. गेला होता भाच्याच्या मोबाईलवर, आणि भाचा रात्रपाळी करून झोपलेला.

नातवाने अ‍ॅप उघडलं. त्यात दोन पर्याय होते, विमान बदला किंवा पैसे परत घ्या. ‘विमान बदला’ दाबलं तर पहिली जागा थेट परवाची. लग्न उद्याचं! तुमच्या लेखाप्रमाणे इथेच आम्ही ‘पैसे परत’ दाबून घरी यायला हवं होतं.

पण पोराचं डोकं चाललं. त्याने त्याच अ‍ॅपमध्ये नवीन तिकीट काढतोय असं दाखवून एका माणसासाठी जागा शोधली, तर दुपारच्या विमानात मिळत होती. दोघांसाठी शोधली, तरी मिळत होती. तिघांसाठी शोधली की गायब. संध्याकाळच्या विमानातही तसंच, दोन दिसायच्या, तीन नाहीत. म्हणजे जागा होत्या. पण आमचा पीएनआर चौघांचा, म्हणून अ‍ॅप चार जागा एकत्र असलेलंच विमान शोधत होतं. दोघे दुपारी आणि दोघे संध्याकाळी जातील, असं त्याला सांगायची सोयच नव्हती. त्यासाठी एका पीएनआरचे दोन करावे लागतात आणि ते काम आम्हाला माणसाकडूनच करून घ्यावं लागलं. लेखात याबद्दल एक ओळ नाही. एकट्याने बॅग पाठीला मारून फिरणाऱ्याला अ‍ॅप उत्तम, हे मी शपथेवर मान्य करतो. मोकळी जागा अ‍ॅपलाही तीच दिसते आणि काउंटरलाही तीच, त्यामुळे एकट्याने रांगेत वेळ घालवला तर त्याची जागा दुसरा कोणी बोटाने उचलतो. पण कुटुंबं एकेकटी फिरत नाहीत हो.

मग हेल्पलाइन. पन्नास मिनिटं आमचा कॉल त्यांच्यासाठी किती महत्त्वाचा आहे ते ऐकलं. शेवटी एक मुलगा बोलला, चांगला बोलला, पीएनआर वेगळा करून देतो म्हणाला. फक्त ओटीपी सांगा. ओटीपी कुठे गेला, तर बंगळुरूला, त्या झोपलेल्या नंबरवर. भाच्याला उठवेपर्यंत लाइन तुटली. तेव्हा वाचकहो, तिकीट कोणीही काढो, संपर्काचा नंबर प्रवास करणाऱ्याचाच घालायला लावा.

हे सगळं चालू असताना मी रांगेतच उभा होतो, हे महत्त्वाचं. फोन कानाला, नातू शेजारी अ‍ॅप बघतोय, आणि रांग मुंगीच्या पावलाने पुढे. तुमच्या लेखात तीन वाटा सांगून एक निवडायला सांगितली आहे. निवडायची कशाला? पहिला अर्धा-पाऊण तास मात्र वाया गेला होता, कारण आम्ही बॅगा देण्याच्या रांगेत उभे होतो. तिकीट बदलायची खिडकी वेगळी असते, हे सांगणारं तिथे कोणी नव्हतं.

माझ्या पुढे एक गृहस्थ होते. लॅपटॉपची बॅग, सतत घड्याळ बघणं. “काका, हे काय रेशनचं दुकान आहे का,” म्हणत त्यांनी मोबाईलवर ‘पैसे परत’ दाबलं आणि रांग सोडली. वीस मिनिटांनी परत आले. पैसे परत घेतल्यावर तिकीट संपलं, त्यासोबत फुकट दुसऱ्या विमानात बसवायची कंपनीची जबाबदारीही संपली. आता ते नवे गिऱ्हाईक. साडेपाच हजारांचं तिकीट गेलं, नवीन चौदा हजारांच्या वर. काउंटरवरची मुलगी तरी काय करणार? तिने पीएनआर टाकून दाखवला, तो रद्द. मला त्या माणसाचं वाईट वाटलं. पण तुमचा लेख वाचताना तोच आठवला, कारण लेखात हे बटण ‘सर्वांत सोपा मार्ग’ म्हणून दिलं आहे!

आमची पाळी आली तेव्हा मी फक्त दोन विमानांच्या वेळा सांगितल्या आणि म्हटलं, बाई, दोन-दोन करा. बहीण-बहीण दुपारी, आम्ही आजोबा-नातू संध्याकाळी. व्हीलचेअरची नोंद नव्या पीएनआरवर पुन्हा करायला लावली, ती आपोआप जाईलच असं नाही, असं तिनेच सांगितलं. चार मिनिटांत काम झालं, एक पैसा जास्त नाही. अडीच तास रांग आणि चार मिनिटं काम, यावर खरं तर लेख लिहायला हवा. एवढी विमानं रद्द आणि खिडकीत एकटी मुलगी!

आणखी एक. लेखासोबतच्या चौकटीत ‘ऐनवेळी विमान रद्द झाल्यास 10,000 रुपयांपर्यंत भरपाई’ असं ठळक छापलं आहे. नियम आहे, पण अर्धाच छापलात. विमान सुटायला 24 तासांहून कमी वेळ उरल्यावर कळवलं, तर उड्डाण किती वेळाचं आहे त्यानुसार 5,000, 7,500 किंवा 10,000 रुपये, अथवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांतलं जे कमी ते. आणि कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर काहीच नाही. धुकं हे हाताबाहेरचंच कारण. पैसे परत किंवा दुसरं विमान, एवढं मात्र धुक्यातही मिळतं. धुक्यावरच्या लेखात नेमकं धुकंच गाळायचं, याला काय म्हणावं! उद्या तुमचं कात्रण घेऊन कोणीतरी त्या एकट्या मुलीशी भांडेल.

कळावे,
आपला तीस वर्षांचा वाचक,
धरमपेठ, नागपूर

ता. क. रविवारच्या शब्दकोड्याचं उत्तर ‘पान सहावर’ असं छापता आणि पान सहावर जाहिरात असते. विचारायला तुमच्या कार्यालयात फोन केला होता. तिथेही गाणं वाजतं.