बाबांच्या गुरुवारच्या टेस्टबद्दल

प्रिय आई, बाबा,

फोनवर बोलायला लागलं की बाबा "रिपोर्ट नॉर्मल आहे ना, मग झालं" म्हणतात आणि आई रडायला लागते, म्हणून लिहितेय. आई, चष्मा लावून सावकाश वाच आणि बाबांनाही वाचून दाखव.

आधी सांगून टाकते, गुरुवारची तारीख मी घेतली आहे. टीईईची, म्हणजे घशातून अन्ननलिकेत नळी घालून करतात त्या इकोची. तुम्हाला न विचारता डॉक्टरांना हो म्हटलं याचं मला दोन दिवस वाईट वाटतंय बाबा. फॉर्मवर सही तुमचीच असणार आहे आणि तुम्ही नाही म्हणालात तर ती टेस्ट होणार नाही, पण आधी मी हो का म्हटलं ते ऐकून घ्या.

तुमचा टूडी इको चांगला आला, खरंच. पंपिंग ५५ टक्के आहे, झडपा ठीक आहेत, फक्त हृदयाचा डावा वरचा कप्पा थोडा मोठा झालाय. आणि शेवटी लिहिलंय की रक्ताची गाठ दिसली नाही. बाबा, तुम्ही तेवढंच वाक्य धरून बसलाय, आणि मलाही आधी तेच वाचून हायसं वाटलं होतं. पण गाठ नाही आणि गाठ दिसली नाही यात फरक आहे. छातीवर जेल लावून जो प्रोब फिरवतात त्याचा आवाज फासळ्यांच्या फटीतून, फुप्फुसाची कड चुकवून आत जातो, आणि डावा वरचा कप्पा असतो सगळ्यात मागे, पाठीच्या कण्याकडे. त्या कप्प्याला एक छोटा खिसा असतो, अपेंडेज म्हणतात. तुमच्यासारखे ठोके अनियमित झाले, एएफ झालं, की कप्पा नीट आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो, आणि त्या खिशात रक्त साचून राहतं. झडपेचा आजार नसलेल्या एएफमध्ये या कप्प्यात गाठ झाली तर दहापैकी नऊ वेळा ती त्या खिशातच असते. आणि तो खिसाच पुढून नीट दिसत नाही.

बाबा, स्कूटरवर मी मागे बसायचे ना, तुमच्या पाठीला कान लावून? तुम्ही पुढे बघून बोलायचात तरी मला तुमचा आवाज आतून, घुमून ऐकू यायचा, वारा असला तरी. डॉक्टर चित्र काढून समजावत होते तेव्हा मला सारखं तेच आठवत होतं. अन्ननलिका त्या डाव्या कप्प्याला मागून अगदी चिकटून जाते, मध्ये ना फासळी ना फुप्फुसातली हवा. आवाजाला लांब जायचं नसल्यामुळे जास्त बारीक लहरी वापरता येतात, छातीवरून २ ते ४ मेगाहर्ट्झ तर इथे ५ ते ७, आणि लहरी जितक्या बारीक तितकं चित्र स्पष्ट. मावशीच्या वेळीही हीच टेस्ट केली होती, पण तिचं कारण वेगळं होतं, तिची मेटलची झडप पुढून बघताना मागच्या कप्प्यावर सावली टाकायची.

म्हणजे पहिला इको वाया गेला असं नाही हं. पंपिंग, हृदयाचं खालचं टोक हे छातीवरूनच चांगलं दिसतं, कारण ते टोक अन्ननलिकेपासून लांब पडतं. नळीची टेस्ट मोठी म्हणून करायची नाहीये, आपला प्रश्न त्या खिशाचा आहे म्हणून करायची आहे.

आता गोळ्यांचं. रागावत नाहीये बाबा. रक्त पातळ करायच्या गोळीची स्ट्रिप मी मोजली, संध्याकाळच्या पाच गोळ्या जास्त निघाल्या. ठोके किती दिवसांपासून बिघडलेत ते आपल्याला माहीत नाही, आणि अशा वेळी शॉक देऊन ते नीट करायचे तर आधी सलग तीन आठवडे गोळी एकही न चुकता घेतलेली लागते. कारण शॉकनंतर कप्पा पुन्हा आकुंचन पावायला लागला आणि खिशात गाठ असेल तर ती सुटून मेंदूकडे जाऊ शकते. आबांचं काय झालं ते मी परत लिहीत नाही. म्हणजे आता दोनच रस्ते होते, आजपासून नव्याने तीन आठवडे मोजायचे, नाहीतर आत बघून खात्री करायची. तुम्ही रात्री उशीला टेकून बसल्या बसल्या झोपताय, ठोके १३० च्या खाली येत नाहीत, मला अजून तीन आठवडे थांबायचा धीर झाला नाही.

ते बघतात कसं हेही मी विचारलं. खिशाच्या आत स्नायूंच्या बारीक कडा असतात, एका कोनातून त्या गाठीसारख्या वाटू शकतात, म्हणून नळी तिथेच ठेवून चित्राचा कोन बदलत तीन-चार बाजूंनी बघतात. कड भिंतीबरोबर हलते, गाठ बऱ्याचदा वेगळी हलते. गाठ नसली तरी रक्त फार हळू फिरत असेल तर धुरासारखं दिसतं, वेगही मोजतात, सेकंदाला २० सेंटीमीटरच्या खाली असला तर चांगलं नाही. खिसा स्वच्छ असला तर तिथेच भूल देऊन शॉक. गाठ दिसली तर शॉक नाही, घरी यायचं, निदान तीन आठवडे गोळ्या नीट घेऊन परत बघायचं. तसं झालं तर घाबरायचं नाही, ती शॉकच्या आधी कळली हेच चांगलं.

त्रास किती होईल? घशात स्प्रे मारून बधिर करतात, झोपेचं इंजेक्शन देतात, डाव्या कुशीवर झोपवतात आणि दातांत एक प्लास्टिकची रिंग धरायला देतात. नळी साधारण बोटाएवढी जाड असते. गिळताना क्षणभर उलटीसारखं होईल, पुढची पंधरा-वीस मिनिटं बऱ्याच जणांना आठवतही नाहीत. एक-दोन दिवस घसा दुखेल. अन्ननलिकेला इजा होणं फार क्वचित, हजारोंमध्ये एखाद्याला, पण ते होऊ नये म्हणूनच आई, मला तुझ्याकडून एक खरं हवंय. मागे तू म्हणाली होतीस यांचा घास अडकतो. अजून अडकतो का? बाबा नाहीच म्हणणार. तू मला उद्याच फोन कर, कारण तसं असेल तर डॉक्टरांना आधी कळलं पाहिजे, ते कदाचित आधी अन्ननलिका तपासतील किंवा ही टेस्टच करणार नाहीत.

गुरुवारी सहा तास आधीपासून काही खायचं नाही, पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल. सकाळची रक्त पातळ करायची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायचीच, टेस्ट आहे म्हणून बंद करायची नाही, मी डॉक्टरांना दोनदा विचारलंय. कवळी आत नेऊ देत नाहीत, डबी आण, अगदी दारापर्यंत घालून जा बाबा, दारात मी हातात घेईन. शाल आणि चष्मा पण माझ्याकडेच. टेस्टनंतर घशाचा बधिरपणा जाईपर्यंत पाणीसुद्धा नाही, नाहीतर ठसका लागून श्वासनलिकेत जातं. त्या दिवशी गाडी चालवायची नाही. आणि शॉकने ठोके नीट झाले तरी पुढचे किमान चार आठवडे एकही गोळी चुकवायची नाही, कारण कप्पा लगेच पूर्ण जोरात काम करायला लागत नाही. तुमचं वय आणि बीपी बघता गोळी पुढेही चालू राहील असं डॉक्टर म्हणालेत.

मी बुधवारी रात्री पोचतेय. जागू नका, माझ्याकडे किल्ली आहे. आई, घासाचं विसरू नकोस.

तुमची,
छकुली