नाशिकच्या अर्जाला विरोध करू नकोस

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन आला. सूनबाईंनी पुण्याचा घटस्फोटाचा दावा नाशिकला वर्ग करून मागितला आहे आणि तू त्याला विरोध करणार आहेस, असं म्हणालास. रात्रभर झोप लागली नाही. कोर्टात शिरस्तेदारी करून निवृत्त झालो आहे, म्हणून लिहितो.

पुण्याचं कौटुंबिक न्यायालय आपल्याकडचा दावा स्वतः नाशिकला पाठवू शकत नाही. म्हणून तिला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 24 खाली उच्च न्यायालयात जावं लागलं. ती माहेरी सुरतेला असती, तर राज्य बदलल्यामुळे कलम 25 खाली दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं असतं.

‘येण्या-जाण्याचा खर्च देतो म्हणून सांगू’ असं तुझे वकील म्हणतात. काही प्रकरणांत तेवढ्यावर अर्ज फेटाळलेही गेले आहेत. पण इथे छकुली चौदा महिन्यांची आहे, सूनबाईंना कमाई नाही, वडील अंथरुणाला खिळलेले, सोबत येणार कोण? 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं आहे की वैवाहिक दाव्यात साधारणपणे पत्नीची सोय पाहावी. शिवाय तिचा पोटगीचा अर्ज नाशिकलाच चालू आहे. तिथे तुला जावंच लागतं, मग दुसऱ्या दाव्यासाठी तिने पुण्याला का यावं, हे न्यायमूर्ती पहिल्यांदा विचारतील.

व्हीसीचं, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवरून सुनावणीचंही मनातून काढ. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालाप्रमाणे, समेटाचे प्रयत्न संपल्यावर आणि दोघांची संमती असेल तरच त्याचा विचार होतो.

माझ्या डोळ्यांसमोरून एक बाई जात नाही. पहाटेची एसटी धरून आलेली, बाकावर बसून पोराला दूध पाजत होती. तेवढ्यात पुकारा झाला. पदर सावरत ती दारापर्यंत आली, तोवर पुढची तारीख पडली होती. पुढच्या दोन तारखांना ती आलीच नाही आणि दावा एकतर्फी चालला.

म्हणून आधी एवढं कर. उच्च न्यायालयाची स्थगिती नसेल तर पुण्याच्या तारखा चालूच राहतात. सूनबाई गैरहजर दिसल्या, तरी एकतर्फी आदेश मागायचा नाही, असं वकिलांना स्पष्ट सांग. उच्च न्यायालयात ‘वर्ग करण्यास हरकत नाही’ असं लेखी निवेदन, म्हणजे पुरसिस दे. दोन्ही प्रकरणांची तारीख नाशिकला एकाच दिवशी मिळावी, एवढी विनंती त्यात घाल. तुझी रजाही वाचेल. दावा वर्ग झाला म्हणून तुझी बाजू पडत नाही. पुण्यात जिथवर आला असेल, तिथून पुढे तो नाशिकला चालवता येतो.

पुरसिशीचा मसुदा सही करण्याआधी मला पाठव. आणि नाशिकला जाशील तेव्हा छकुलीसाठी आईने शिवलेली दुपटी घेऊन जा, ती कपाटात वरच्या कप्प्यात आहेत.

तुझे,
बाबा