मुख्य दाराचं लाकूड: मित्रास पत्र

सातारा

प्रिय सचिन,

वखारीतल्या सागवानाचा फोटो पाहिला. रंग छान आहे, गाभ्याचंच लाकूड आहे, दरही वाजवी आहे. तरीही ते लगेच चिरून दिवाळीच्या पाडव्यापर्यंत दार उभं करायला मी तयार नाही. तू फोनवर म्हणालास, "सागवान आहे ना, मग कसली भीती?" सागवान वाळवीला आणि पाण्याला चांगलं तोंड देतं, पण ओलं सागवानही आकसतंच. ते कसं, हे तुझ्याच दाराच्या मापांवर सांगतो.

लाकूड सुकताना लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलतं. सागवानाच्या फळीतला ओलावा एक टक्क्याने उतरला, की ती रुंदीत साधारण 0.2 टक्के आकसते. मधोमध उभी चिरलेली फळी असेल तर याच्या निम्मी. आपल्याकडे घरात उन्हाळा-हिवाळा धरून लाकूड बारा टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं. वखारीतलं लाकूड बावीस टक्क्यांवर असेल, तर दहा टक्के ओलावा दार बसवल्यानंतर तुझ्या घरात उतरणार, म्हणजे प्रत्येक फळी रुंदीत दोन टक्के कमी होणार.

तुझं दार साडेतीन फूट बाय सात फूट. बाजूच्या उभ्या पट्ट्या पाच-पाच इंची, मधली चार इंची, म्हणजे दोन्ही पॅनेल चौदा-चौदा इंचांची. चौदा इंच म्हणजे साडेतीनशे मिलिमीटर. त्याचे दोन टक्के सात मिलिमीटर. पॅनेल खोबणीत मोकळं ठेवलं असेल, तर ते खोबणीतून बाहेर सरकतं आणि कडेला पॉलिश न लागलेली पांढुरकी रेघ दिसते. खिळे मारून किंवा फेविकॉलने जाम केलं असेल, तर आकसायला जागा न मिळून पॅनेल मधूनच फुटतं. ही फूट भरून काढली तरी पावसाळ्यात लाकूड फुगलं की भराव बाहेर येतो.

पाच इंची पट्टी अडीच मिलिमीटरने आकसते. आता आडव्या पट्टीचं कुसू, म्हणजे सांध्यासाठी तिच्या टोकाला काढलेली जीभ, त्या उभ्या पट्टीतून आरपार गेलेलं असतं. कुसू लांबीच्या दिशेने असल्यामुळे ते आकसत नाही, आणि त्याचं टोक दाराच्या कडेबाहेर अडीच मिलिमीटर डोकावतं. बोट फिरवलंस तर लगेच लागेल. ते चौकटीला घासतं, आणि लोक बिजागरी सैल झाली म्हणून बिजागरीच बदलत बसतात. त्यातून पट्टीला पीळ बसला, तर कुलपाकडचा वरचा किंवा खालचा कोपरा चौकटीपासून सुटून उभा राहतो. पीळ रंध्याने जात नाही, पट्टी बदलावीच लागते.

म्हणून आधी ओलावा मोजायचा. वखारवाल्याकडे मीटर असेल, पण तो टोचणीचा मीटर वरवरचा ओलावा दाखवतो आणि पृष्ठभाग नेहमी आधी सुकतो. खात्रीची पद्धत वजनाची आहे. फळीच्या टोकापासून किमान एक फूट आत, एक इंच जाडीचा पूर्ण छेदाचा तुकडा कापून घे. टोक लवकर सुकतं, तिथला तुकडा फसवतो. लगेच स्वयंपाकाच्या काट्यावर ग्रॅममध्ये वजन कर. मग ओव्हनमध्ये शंभर-एकशे पाच अंशांवर ठेव, अधूनमधून काढून वजन बघ आणि वजन उतरायचं थांबलं की नोंद कर. समज, आधी 122 ग्रॅम आणि शेवटी 100 ग्रॅम भरले, तर 22 ग्रॅम पाणी भागिले सुक्या लाकडाचे 100 ग्रॅम, म्हणजे ओलावा बावीस टक्के. बारा-चौदाच्या आत आला तरच चिरायला घेईन.

जास्त आला, तर दोन वाटा आहेत. भट्टीत सुकवलेलं लाकूड घ्यायचं, आणि भट्टीतून आलेलंही याच पद्धतीने तपासायचं. नाहीतर हेच लाकूड चिरून, फळ्यांमध्ये एकाच जाडीच्या पट्ट्या एकावर एक सरळ रेषेत ठेवून, टोकांना ऑइल पेंट लावून सावलीत थप्पी रचायची. दोन इंची फळीला असं वर्षभर किंवा जास्तही लागतं, घाई केली तर टोकं फुटतात. तोवर फ्लश डोअर लावून वास्तुशांत करता येईल.

सुकलेलं लाकूडही पावसाळ्यात थोडं फुगतंच, त्यासाठी चौकटीत तीन मिलिमीटर फट ठेवतो. पॉलिश दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेलाही लागलं पाहिजे; तिथेच सगळे चुकतात. आणि प्लास्टर पूर्ण सुकल्याशिवाय दार घरात आणू नकोस, नव्या भिंतीचं पाणी लाकूड ओढून घेतं.

तुकड्याची दोन्ही वजनं कळव, मग भट्टीचं लाकूड बघायचं की थप्पी रचायची ते ठरवू. काकूंना नमस्कार.

तुझा,
महेश