स्कायरिममधलं भांडण नेमकं कशावरून?

प्रिय मित्रा,

हात बांधून गाडीत बसवलंय, शेजारी तोंडाला फडकं बांधलेला नॉर्डांचा नेता उल्फ्रिक, आणि कोण कोणाशी का लढतंय याचा पत्ता नाही, असं तू लिहिलंस. पत्ता लागणार कसा? स्कायरिम हा गेम सुरू होतो त्या जगातल्या चौथ्या युगाच्या २०१ साली, आणि ठिणगी पडली १७१ साली.

त्या वर्षी थालमोरचा, म्हणजे एल्फांच्या सत्ताधाऱ्यांचा, दूत सम्राट टायटस मीड दुसरा याच्याकडे मागण्या घेऊन आला. मोठी खंडणी द्या, हॅमरफेल प्रांताचा बराचसा मुलूख सोडा, सम्राटासाठी हेरगिरी करणारी ब्लेड्स ही संघटना मोडा आणि टॅलोसची पूजा बंद करा. सम्राटाने नकार देताच दूताने सोबत आणलेली झाकलेली गाडी उलटवली. आतून एल्फांच्या प्रदेशातल्या ब्लेड्स हेरांची मुंडकी घरंगळली.

युद्ध पेटलं. राजधानी पडली, १७५ साली सम्राटाने ती परत जिंकली, पण फौज इतकी खचली होती की तह करावाच लागला. गंमत बघ, ज्या अटी धुडकावल्या त्यांतल्याच बहुतेक आता मान्य केल्या. साम्राज्याच्या स्कायरिम प्रांतातल्या नॉर्ड लोकांना झोंबली ती टॅलोसची. टॅलोस म्हणजे साम्राज्य उभारणारा टायबर सेप्टिम, मेल्यावर देव झालेला. माणूस देव होऊ शकतो हेच थालमोरला मान्य नाही.

त्यातच स्कायरिममधल्या मार्कार्थ शहराचं प्रकरण झालं. ते स्थानिक बंडखोरांच्या हाती गेलं होतं. उल्फ्रिकने पूजेच्या मुभेच्या बोलीवर ते सोडवून दिलं. थालमोरला हे कळलं, बोली मोडली आणि उल्फ्रिक तुरुंगात गेला. पुढे त्याने स्कायरिमचा राजा, हाय किंग टोरिग याला द्वंद्वात मारलं. स्टॉर्मक्लोक, म्हणजे उल्फ्रिकच्या बाजूने साम्राज्याविरुद्ध लढणारे, म्हणतात रीतसर आव्हान, साम्राज्यवाले म्हणतात खून.

पुढचा परिच्छेद वाचायचा की नाही ते तू ठरव, मजा जाईल. थालमोरच्या वकिलातीत शिरशील तेव्हा उल्फ्रिकची फाइल शोध. त्या महायुद्धात तो थालमोरच्या कैदेत होता, आणि आपल्याच कबुलीमुळे राजधानी पडली असं त्याच्या मनावर बिंबवलं होतं. खरं तर ती आधीच पडली होती. फाइलीत स्पष्ट लिहिलंय की स्टॉर्मक्लोकसुद्धा जिंकता कामा नयेत. थालमोरला युद्ध नुसतं चालू राहायला हवंय.

म्हणून मी कुरकुरत का होईना, साम्राज्याकडून खेळतो. उल्फ्रिकचा राग मला पटतो, पण त्याच्या विंडहेल्ममध्ये डार्क एल्फांची वस्ती कशी कुजतेय तेही जाऊन बघ. सुरुवातीला हेल्गेन गावातून तू स्टॉर्मक्लोक रालोफमागे पळालास की साम्राज्याचा सैनिक हॅडवर याच्यामागे, याने काही बिघडत नाही. उल्फ्रिकच्या विंडहेल्मला किंवा साम्राज्याच्या सॉलिट्यूडला जाऊन शपथ घेतलीस की मगच बाजू ठरते. तोवर दोन्हीकडचं ऐकून घे.

तुझाच मित्र