जीसीपी प्रमाणपत्रावर काय लिहिलेले असावे? केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

मी बी. फार्म. करून पुण्यात क्लिनिकल ट्रायलचा कोऑर्डिनेटर म्हणून काम करतो. कामासाठी येणाऱ्या फार्मसी आणि बायोटेकच्या मुलामुलींच्या मुलाखतीही घेतो. बहुतेकांकडे गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचे, म्हणजे ट्रायल कशी चालवावी याच्या नियमावलीचे, थोडक्यात जीसीपीचे, प्रमाणपत्र असते. काहींच्या घरच्यांनी त्यासाठी डिप्लोमाची मोठी फी भरलेली असते. अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन ड्रग अब्यूजचा जीसीपी कोर्स मात्र मोफत आहे आणि घरबसल्या काही तासांत होतो. दोन्हींच्या कागदावर अक्षरे जवळपास तीच.

मुलाखतीत मी एक प्रसंग देतो. मधुमेहाच्या नव्या औषधाच्या ट्रायलमधला एक पेशंट शनिवारी रात्री दुचाकीवरून पडतो. मांडीचे हाड मोडते, त्याला संगमनेरला अ‍ॅडमिट करतात. रविवारी सकाळी त्याच्या मुलाचा तुम्हाला फोन येतो. काय कराल? "अपघात आहे, औषधाशी संबंध नाही, पुढच्या व्हिजिटला नोंद करू," हे उत्तर मी वारंवार ऐकले आहे.

ते चुकीचे आहे. अ‍ॅडमिट व्हावे लागले, एवढ्यानेच ती घटना गंभीर ठरते, कारण काहीही असो. नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायलच्या २०१९च्या नियमांनुसार अन्वेषक, म्हणजे ट्रायल चालवणाऱ्या, डॉक्टरने घटना घडल्यापासून २४ तासांत केंद्रीय परवाना प्राधिकरण, प्रायोजक आणि एथिक्स कमिटी या तिघांना कळवायचे असते. उशीर झाला तर त्याचे कारण द्यावे लागते. म्हणजे फोन आला तेव्हा निम्मा वेळ जवळपास संपलेलाच असतो. तेव्हा लगेच डॉक्टरांना कळवायचे, संगमनेरच्या दवाखान्यातून केसपेपर आणि पडतानाच्या वेळची साखर मिळवायची, फोनची वेळ आणि बोलणे त्याच दिवशी नोंदवायचे. साखर उतरून चक्कर आली असेल, तर "संबंध नाही" हे वाक्यच उलटते. तो निर्णय डॉक्टरांचा, कोऑर्डिनेटरचा नव्हे. पेशंटचे उपचार आणि भरपाई या नोंदींवर अवलंबून असतात.

स्क्रीनवर चार पर्यायांतून एक निवडून हे अंगवळणी पडत नाही. चालू ट्रायलमध्ये अनुभवी माणसाच्या शेजारी बसूनच पडते.

म्हणून माझी मागणी प्रमाणपत्राच्या मजकुरापुरतीच आहे. कोर्स जीसीपीच्या कोणत्या आवृत्तीवर आहे हे त्यावर असावे, कारण जानेवारी २०२५ मध्ये आयसीएच या औषधनियमांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेची ई६ आर३ ही जीसीपीची नवी आवृत्ती मंजूर झाली आणि आर२ ही आधीची आवृत्ती शिकलेली मुले अजून येत आहेत. तास किती, परीक्षा देखरेखीखाली झाली का, हेही असावे. प्रत्यक्ष साइटवर किती आठवडे काम केले, हे वेगळ्या ओळीत आणि तिथल्या अन्वेषकाच्या सहीने यावे. ती ओळ रिकामी असेल तर रिकामी दिसू द्या. फी भरण्याआधी पालकांना तेवढे पुरे.

ही ओळ भरण्याची सोयही हवी. ज्या सरकारी मेडिकल कॉलेजांत ट्रायल चालतात, तिथे पेशंटची गोपनीयता सांभाळून प्रशिक्षणार्थींना काही जागा द्याव्यात. सीडीएससीओ या केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने याचा मसुदा काढून हरकती-सूचना मागवाव्यात, ही विनंती.

आपला,
पुण्यातील एक क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर